मदत हवी आहे: ज्ञानेश्वरीच्या ऑडिओ फाइल्स अध्यायांच्या क्रमाने वाजत नाहीत, मुखपृष्ठही दिसत नाही

माजघर
नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर संपूर्ण ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचून कॅसेटवर रेकॉर्ड केली होती. बाबा गेले, आईची नजर आता अधू झाली आहे आणि तिला पोथी वाचता येत नाही. म्हणून मी त्या कॅसेटच्या एमपी३ फाइल्स केल्या. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल, अशा एकूण ५१ झाल्या. फाइल्सची नावं 1-1, 1-2, 2-1 अशी आहेत, म्हणजे आधी अध्याय, मग भाग. अठरावा अध्याय अठराशेहून जास्त ओव्यांचा, तो एकटाच ९ भागांत आहे.

लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये सगळं अगदी क्रमाने दिसतं. फोनवर मात्र अकरावा अध्याय पहिला लागतो, मग अठरावा, मग आठवा, मग चौथा. आईसाठी मेमरी कार्डवर चालणारा एक छोटा स्पीकर घेतला आहे. त्यावर वेगळंच: पहिला, दहावा, अकरावा असं करत बाकीचे सगळे लागतात, आणि तिसरा व नववा अगदी शेवटी. मी Mp3tag मध्ये प्रत्येक फाइलला शीर्षक आणि क्रमांक दोन्ही भरले आहेत, दोन रात्री बसून. पोथीच्या बाबांच्या प्रतीचा फोटो मुखपृष्ठ म्हणून लावला, तोही फोनवर उमटत नाही.

आईला बटण दाबलं की पुढचा भाग लागावा, एवढंच हवं आहे. कुठे चुकतंय?

निवांत
टॅगच्या भानगडीत पडूच नका. सगळ्या फाइल्सची नावं 001, 002, 003 अशी करा, विषय संपला. प्लेअर अक्षरांप्रमाणे लावतो, त्याला 10 हे 2 च्या आधीचं वाटतं. लॅपटॉप आकडा ओळखून लावतो, म्हणून तिथे बरोबर दिसतं. माझ्याकडे दोनशे कथा आहेत, सगळ्या अशाच ठेवल्यात.

शेवंता
किती सुंदर काम केलंत ताई. ही रेकॉर्डिंग डाउनलोडला कुठे मिळतील? माझ्या सासूबाईंनाही हवी आहेत.

माजघर
शेवंताताई, घरगुती आहेत, अजून कुठे ठेवलेली नाहीत. मधे मधे बाबा आईला चहा मागतात तेही त्यात आहे, त्यामुळे आधी घरच्यांना विचारीन.

निवांत, नावं बदलून पाहिली. फोनवर काहीच फरक नाही, अजून अकराव्यापासूनच सुरू.

टेपडेक
माजघर, तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. निवांत म्हणतात ते नावावर चालणाऱ्या प्लेअरला लागू पडतं. तुमचा फोनवरचा प्लेअर त्यातला नाही.

अकरावा, अठरावा, आठवा, चौथा हा वर्णमालेचा क्रम आहे. म्हणजे फोन शीर्षकावरून लावतोय. असे प्लेअर एरवी आधी क्रमांक बघतात आणि क्रमांक सापडला नाही किंवा सगळ्यांचा सारखाच असला तर शीर्षकाकडे वळतात. तुम्ही क्रमांक भरलेत म्हणता, तर एक सांगा: Track च्या रकान्यात १ लिहिलंय की 1?

माजघर
१ लिहिलंय! शीर्षकं मराठीत टाइप करत होते, कीबोर्ड तसाच ठेवून क्रमांकही भरले. त्याने फरक पडतो?

टेपडेक
बहुतेक तेच कारण. आपल्याला तो आकडा दिसतो, पण बऱ्याच प्लेअरना 0 ते 9 एवढेच आकडे कळतात. देवनागरी १० म्हणजे त्यांच्या लेखी रिकामा रकाना. खात्री करून घ्या. पहिल्या अध्यायाच्या पहिल्या फाइलला फक्त इंग्रजी 1 द्या, जतन करा, फोनवरची जुनी फाइल काढून ही टाका. ती यादीत जागेवरून हलली तर निदान बरोबर.

माजघर
हलली, पण सगळ्यात वर जायच्या ऐवजी सगळ्यात खाली गेली. घाबरून परत तपासलं, 1 च आहे.

टेपडेक
हेच हवं होतं. बाकीच्या ५० फाइल्सचा क्रमांक प्लेअरने 0 धरलाय, आणि 0 नंतर 1. आता सगळ्यांना एकदमच क्रमांक द्या, हाताने भरू नका. आधी सगळ्या फाइल्स एकाच फोल्डरमध्ये आणा. Mp3tag मध्ये नावाच्या रकान्यावर टिचकी मारून यादी लावा आणि ती नजरेखालून घाला. जुनी नावं असतील तर 9 च्या शेवटच्या भागानंतर 10-1 यायला हवं, नवी असतील तर 001 ते 051. मग Ctrl+A, मग Ctrl+K. चौकटीत 1 पासून सुरुवात, Leading zeros वर खूण. Reset counter for each directory वर खूण नको, नाहीतर पुढे कधी वेगवेगळे फोल्डर केलेत तर प्रत्येकात पुन्हा 1 पासून मोजेल.

त्यानंतर Alt+1 दाबून क्रमांकावरूनच नाव करून घ्या, म्हणजे नाव आणि टॅग यांचं एकमेकांशी भांडण राहत नाही:

```
$num(%track%,3)
```

याने आवाजाला काही होत नाही, फक्त फाइलच्या डोक्यावरची चिठ्ठी बदलते. तरी मूळ ५१ फाइल्सची एक प्रत आधी वेगळी ठेवा. बाबांचा आवाज आहे.

ओसरी
सलग १ ते ५१ कशाला? अध्याय म्हणजे Disc आणि भाग म्हणजे Track असं भरलं तर जास्त नीट. अँड्रॉइड अठराव्या डिस्कचा तिसरा ट्रॅक 18003 असाच साठवतो, मग क्रम आपोआप बरोबर लागतो.

टेपडेक
ओसरी, रचना सुंदर आहे आणि चांगल्या प्लेअरवर चालते. पण जो प्लेअर Disc कडे बघत नाही, तो अठराही अध्यायांचे पहिले भाग ओळीने वाजवेल, मग सगळे दुसरे भाग. आईंच्या हातात कुठला प्लेअर येईल याचा भरवसा नाही, म्हणून सलग क्रमांक. अध्याय आणि भाग शीर्षकात लिहिलेलेच आहेत.

ओसरी
मला ते पटत नाही, चांगला प्लेअर निवडणं सोपं आहे. पण स्पीकरचं तुमचं म्हणणं मान्य.

घाटवाट
माझ्या गाडीत पेनड्राइव्हवर असंच होतं. गोष्टींची नावं 01, 02 अशी आहेत, तरी सातवी आधी लागते. टॅगही भरलेत. कंपनीच्या माणसाने सांगितलं की पेनड्राइव्ह खराब आहे, नवा घेतला, तरी तेच.

टेपडेक
घाटवाट, तुमचा आणि माजघर यांच्या स्पीकरचा आजार एकच दिसतो. काही साधी यंत्रं नावही बघत नाहीत आणि टॅगही. कार्डावर फाइल्सची नोंद ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने वाजवतात. माजघर, तिसरा आणि नववा अध्याय तुम्ही कार्डावर नंतर टाकलेत का?

माजघर
हो! त्या दोन कॅसेट माळ्यावर नंतर सापडल्या. मी बाकीच्या आधीच कार्डावर घातल्या होत्या.

टेपडेक
मग तेच. तरी अंदाजावर जाऊ नका, छोटी चाचणी करा. तीन लहान फाइल्स घ्या, नावं 001, 002, 003. त्यांचे Track क्रमांक मुद्दाम उलटसुलट द्या: 001 ला 2, 002 ला 3, 003 ला 1. रिकाम्या कार्डावर एकेक करून टाका, आधी 002, मग 001, मग 003. आता स्पीकर लावा. 001 आधी वाजली तर तो नावावर चालतो, 003 आधी वाजली तर टॅगवर, आणि 002 आधी वाजली तर कॉपीच्या क्रमावर. घाटवाट, तुम्हीही हे गाडीत करून बघा.

माजघर
स्पीकरवर 002 आधी वाजली.

टेपडेक
मग कार्ड FAT32 मध्ये नव्याने फॉरमॅट करा आणि फाइल्स ओळीने टाका. माउसने एकगठ्ठा ओढू नका, त्यात कधी कधी धरलेली फाइल आधी जाते. कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा. फोल्डर आणि कार्डाचं अक्षर तुमच्याकडे जे असेल ते घाला:

```
for %f in (D:\pothi\*.mp3) do copy "%f" E:\
```

लिनक्सवाल्यांसाठी fatsort आहे, ते कार्डावरच्या नोंदीच नावाप्रमाणे लावून देतं. पण कार्ड आधी अनमाउंट करायला विसरू नका.

मुखपृष्ठाचा फोटो केवढा आहे?

माजघर
फोनने काढलेला, ६ एमबी. लॅपटॉपवर दिसतो.

टेपडेक
तो ५१ फाइल्समध्ये प्रत्येकी चिकटलाय, म्हणजे ३०० एमबी नुसता फोटोच. खूप मोठं चित्र कित्येक प्लेअर सोडून देतात. दुसरं म्हणजे प्रोग्रेसिव्ह जेपेग असेल तर लॅपटॉपवर दिसतं आणि साध्या प्लेअरवर जागा कोरी राहते. फोनचा फोटो आडवा पडण्याचंही तेच, फिरवल्याची खूण आत असते, ती सगळे वाचत नाहीत. ImageMagick असेल तर एका ओळीत सगळं होतं:

```
magick pothi.jpg -auto-orient -resize 600x600 -interlace none -strip -quality 85 cover.jpg
```

Mp3tag मध्ये सगळ्या फाइल्स निवडा, जुनं चित्र आधी काढा, मग हे Front Cover म्हणून लावा. जुनं काढलं नाहीत तर दोन चित्रं राहतात आणि प्लेअर कुठलं उचलेल सांगता येत नाही. त्याच वेळी Album चा रकाना सगळ्या ५१ फाइल्सना एकदम भरा. एखादीत शेवटी एक मोकळी जागा राहिली तरी फोनवर दोन पुस्तकं दिसतात.

निवांत
Album ची ही मोकळी जागा माझ्याकडे निघाली. एक कथासंग्रह वर्षभर दोन तुकड्यांत दिसत होता. नावं बदलून विषय संपत नाही, हे मान्य.

माजघर
काल रात्री सगळं केलं. फोनवर पहिल्यापासून अठराव्यापर्यंत सरळ लागतंय आणि एका प्लेअरमध्ये पोथीचा फोटो आला. बाबांनी कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली तारीखसुद्धा वाचता येते. दुसऱ्या प्लेअरमध्ये मात्र अजून कोरा चौकोन आहे.

स्पीकरवरही क्रम बरोबर. आईने सकाळी पहिला अध्याय लावला आणि दुसरा आपोआप लागल्यावर मला हाक मारली. आता एकच अडचण: स्पीकर बंद करून परत लावला की चालू असलेला भाग सुरुवातीपासून लागतो. अर्ध्या तासाची फाइल तिला पुन्हा ऐकावी लागते.

टेपडेक
कोऱ्या चौकोनासाठी त्या प्लेअरची साठवलेली जुनी माहिती, म्हणजे कॅशे, पुसून पुन्हा स्कॅन करून बघा. तरी नाही आलं तर कदाचित तो चित्र फाइलमधून न घेता फोल्डरमधून घेत असेल. त्या फोल्डरमध्ये cover.jpg ठेवून बघा.

स्पीकरचं टॅगने सुटणार नाही. त्याला फाइल लक्षात राहते, मिनिट नाही. mp3DirectCut ने प्रत्येक फाइलचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करता येतात, आवाज पुन्हा दाबला जात नाही. ओवी मधे तुटू नये म्हणून कापायची जागा कानाने ऐकून ठरवा. तुकडे केलेत तर Ctrl+K पासून सगळं परत, आणि कार्डही पुन्हा फॉरमॅट करून.

घाटवाट
गाडीत 003 आधी वाजली. म्हणजे माझी गाडी टॅगवर चालते? मग सातवी आधी का?

टेपडेक
सातव्या गोष्टीच्या Track मध्ये काय लिहिलंय ते बघून इथे टाका.