होमस्टेच्या पत्रात 'माय ब्रदर अँड आय' चालेल का?

तारकर्लीकर: बँकेला द्यायच्या पत्रात लिहिलंय, 'द हाउस इज शेअर्ड बिट्वीन माय ब्रदर अँड आय.' भाचीने 'आय' खोडून इंग्रजी 'मी' केलं, मला ते गावठी वाटतं. शिवाय राखणदारासाठी चिठ्ठी आहे, 'गिव्ह द की टु हूमेव्हर कम्स फर्स्ट.' 'टु'पुढे 'हूम' येतं ना?

शिकवणीवाल्या बाई, रत्नागिरी: भाची बरोबर आहे. आपण 'भाऊ आणि मी मध्ये' म्हणतो का? 'भावाच्या नि माझ्यामध्ये' म्हणतो. 'बिट्वीन' म्हणजे तेच 'मध्ये', त्यामुळे त्याच्यापुढची दोन्ही माणसं बदलायला हवीत. 'ब्रदर' बदललेला दिसत नाही, सर्वनाम दिसतं. आणि एक गंमत: आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'आय', नि त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला-माझ्या'. कानाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पडताळा असा. 'कॉल सुनील ऑर आय' हे वाक्य घ्या. 'सुनील ऑर' यावर बोट ठेवा. उरतं 'कॉल आय', लगेच खटकतं. पण 'बिट्वीन'ला ही युक्ती चालत नाही, कारण तिथे एकटा माणूस राहूच शकत नाही. तिथे जोडी काढून 'वी' किंवा 'अस' ठेवून बघा. 'बिट्वीन वी' कोणी म्हणणार नाही.

ही चूक शाळेत रुजते. पोर 'मी अँड सुनील वेंट' म्हणतं, मास्तर 'सुनील अँड आय' म्हणायला लावतात. कारण कोणी सांगत नाही, म्हणून पोराच्या डोक्यात एवढंच बसतं की जोडीत 'आय' म्हणजे सभ्य.

गुहागरचा वाचक: चूक कशी? शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' आहे. चारशे वर्षं लोक बोलतायत.

शिकवणीवाल्या बाई: आहे खरं, आणि बोलताना आजही बरेच इंग्रज तसं म्हणतात. पण बँकेच्या पत्रात वाचणारा ते चूकच समजेल. शेक्सपियरचा दाखला त्या टेबलावर चालायचा नाही.

गुहागरचा वाचक: टेबलावर चालत नाही म्हणजे भाषेत चूक, हे मला मान्य नाही.

देवगड हापूस: घर दोघांचं आहे तर सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत का ते आधी बघा. आमच्याकडे बँकेने तिथेच अडवलं होतं.

वेंगुर्ल्याचा मास्तर: एवढं कशाला? मराठीत 'कोण' आलं तर 'हू', 'कोणाला' आलं तर 'हूम'. झालं.

शिकवणीवाल्या बाई: मास्तर, अर्धंच झालं. 'कोणाला ताप आहे?' याचं इंग्रजी 'हू हॅज फीव्हर?' होतं. 'कोणाला माहीत आहे?' याचं 'हू नोज?' तुमच्या मालवणीत 'माका भूक लागली', इंग्रजीत मात्र 'आय अॅम हंग्री'. ताप, भूक, आवड, माहिती अशा बाबतीत आपण माणसाला 'ला' लावतो, इंग्रजी त्यालाच कर्ता करते. म्हणून मराठीचं 'ला' मोजू नका. इंग्रजी वाक्यातलं क्रियापद शोधा आणि ते करणारा कोण ते विचारा.

आता चिठ्ठी. मराठीत आपण म्हणू, 'जो आधी येईल त्याला चावी दे.' आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'जो' आणि 'त्याला'. इंग्रजीत दोघांचं काम एकच शब्द करतो, आणि रूप ठरतं ते 'जो'वरून, कारण 'कम्स'चा कर्ता तोच. 'टु' लागतं त्या अख्ख्या तुकड्याला. म्हणून 'टु हूएव्हर कम्स फर्स्ट.' याउलट 'तू ज्याला ओळखतोस त्याला दे' असेल तर ओळखणारा 'यू', म्हणून 'हूमेव्हर यू नो'.

'द गेस्ट हूम यू सेड वुड पे' हीसुद्धा तीच फसगत. 'यू सेड' झाका. उरतं 'हू वुड पे'. पैसे देणारा तोच पाहुणा, मग 'हूम' कुठून येणार?

वेंगुर्ल्याचा मास्तर: माका पटला. पण मग 'हू डिड यू बुक विथ?' हा चूक की बरोबर?

गुहागरचा वाचक: बरोबर. बोलताना सगळे तसंच म्हणतात.

शिकवणीवाल्या बाई: बोलण्यात हो. 'विथ' पुढे आणलंत तर मात्र 'विथ हूम'च, 'विथ हू' कानाला अडतं. पत्रात मी 'हूम'च लिहीन, गुहागरकर नाही लिहिणार.

तारकर्लीकर: पत्रात 'बिट्वीन माय ब्रदर अँड मी' केलं. चिठ्ठीवर इंग्रजी काढून मराठीतच लिहिलं, राखणदार आमचाच आहे.