अनुभव धागा: वीज गेली, पण दुकानातला फ्रीज चालू राहिला

धागाकर्ती (माणगाव): पावसाळा तोंडावर आला आहे. ज्यांनी दुकानात किंवा घरात सोलर, बॅटरी आणि महावितरणची वीज अशी तिन्ही एकत्र चालणारी हायब्रिड यंत्रणा बसवली आहे, त्यांनी लांबलेल्या वीजखंडितीत ती प्रत्यक्ष कशी वागली हे सविस्तर लिहावे. माझ्या मामांचे किराणा दुकान आहे आणि त्यांना कोल्ड्रिंकचा फ्रीज चालू ठेवायचा आहे, म्हणून फ्रीजचा अनुभव असल्यास तो आधी सांगावा.

किनाऱ्यावरचा दुकानदार (श्रीवर्धन तालुका): ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आले, आणि त्यानंतर गावात कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा माझ्याकडे ट्यूब्युलर बॅटरीचा साधा इन्व्हर्टर होता. त्यावर दिवे आणि पंखा चालत असे, पण काचेच्या दाराचा फ्रीज लावला की कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी इन्व्हर्टर ओरडून बंद पडत असे. दूध, दही, श्रीखंड सगळे फेकावे लागले.

मागच्या वर्षी मी ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, ५४० वॅटची चार पॅनेल आणि साधारण ५ युनिट साठवणारी लिथियम बॅटरी बसवली. बसवल्यानंतर आठवड्याभरात अर्धा तास वीज गेली, तेव्हा दिवे चालू राहिले आणि फ्रीज मात्र बंद पडला. वायरमनने फ्रीजची वायर इन्व्हर्टरच्या आउटपुटवर न घेता जुन्या एमसीबीवरच ठेवली होती. मी हे आवर्जून सांगतो, कारण पैसे चुकते करण्यापूर्वी मेन स्विच स्वतः खाली ओढून फ्रीज चालतो की नाही हे पाहिले असते, तर ही चूक त्याच दिवशी कळली असती.

दुसरी गोष्ट सेटिंगची आहे. इन्व्हर्टर `SBU` वर होता, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी आणि शेवटी बाहेरची वीज. त्यामुळे वीज असतानाही संध्याकाळी बॅटरी वापरली जाई आणि रात्री नऊपर्यंत ती अर्ध्यावर येई. आमच्याकडे वीज जाते ती बहुधा संध्याकाळच्या वाऱ्यापावसात, म्हणून मी जूनपासून ते `SUB` वर आणले. तेव्हापासून बॅटरी भरलेली राहते आणि वीज गेल्यावरच कामाला लागते.

जूनच्या अखेरीस एका मंगळवारी दुपारी पावणेपाचला ११ केव्हीच्या लाइनवर झाड पडले आणि वीज शुक्रवारी सकाळी अकराला आली. पहिली रात्र फ्रीज नेहमीसारखा चालला आणि सकाळी सहाला बॅटरी ४३ टक्क्यांवर होती. बुधवारी दिवसभर आभाळ भरलेले होते. पॅनेलमधून जेमतेम ३ युनिट आले आणि तेवढेच दिवसभरात खर्च झाले, त्यामुळे संध्याकाळीही बॅटरी ४५ टक्क्यांच्या आसपासच होती. इन्व्हर्टर २० टक्क्यांवर बॅटरी तोडतो, म्हणून फ्रीज रात्रभर चालणार नाही हे उघड होते. मी रात्री नऊला दुकान बंद करताना फ्रीजही बंद केला आणि दार सकाळपर्यंत उघडू दिले नाही. फ्रीज खच्चून भरलेला होता. रात्री तापमान ४ अंश होते, सकाळी सहाला ७ झाले होते, आणि बॅटरी २२ टक्के उरली होती. गुरुवारी दहानंतर ऊन पडले आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी नव्वदच्या पुढे गेली. दुधाची एकही पिशवी नासली नाही. शेजारच्या बाईंनी त्यांच्या यजमानांचे इन्सुलिन दोन दिवस माझ्या फ्रीजमध्ये ठेवले होते. बुधवारी रात्री फ्रीज बंद करताना मला काळजी वाटली ती बाटल्यांपेक्षा त्याची.

पेठेतला (सातारा): आपले वीजबिल महिन्याला किती कमी झाले आणि खर्च किती वर्षांत वसूल होईल, हे कृपया सांगावे.

किनाऱ्यावरचा दुकानदार: `SUB` वर बॅटरी राखून ठेवल्यामुळे बिलातली बचत कमी होते. मी ही यंत्रणा माल टिकावा म्हणून घेतली, त्यामुळे तो हिशेब मी केलेला नाही.

छतावर सोलर (पुणे): फक्त दिवसा फ्रीज चालवायचा असेल तर बॅटरीची गरज नाही. ऊन असले की पॅनेलची वीज थेट फ्रीजला मिळते.

सोलर वायरमन (सांगली): हे अर्धेच खरे आहे. आपल्याकडे नेट मीटरचा साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर असेल, तर वीज गेली की तो कडक उन्हातही बंद होतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाकडे उलटी वीज जाता कामा नये. काही हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरीशिवाय चालतात, पण ढग आला की वीज एकदम घटते, नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आणि सगळे बंद पडते. चालू होताना कॉम्प्रेसर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि तो धक्का सोसण्यासाठी बॅटरी लागते.

श्रीवर्धनच्या दादांनी दाखवलेले आकडे मला जुळताना दिसतात. त्यांचा फ्रीज दिवसाला अंदाजे साडेतीन युनिट घेत असावा, आणि इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठी सतत ४०-५० वॅट खातो, जे गिऱ्हाईक कधीच मोजत नाही. रात्रभरात तेच अर्ध्या युनिटाच्या पुढे जाते. माणगावच्या मामांनी फ्रीजवरचा वॅटचा आकडा पाहून बॅटरी घेऊ नये. सॉकेटला लावायचा युनिट मीटर मिळतो, तो भर मे महिन्यात दोन दिवस लावून ठेवावा आणि त्या दोन दिवसांत दुकान नेहमीसारखेच चालवावे, कारण दार किती वेळा उघडते यावर खर्च फार बदलतो. मागची जाळी धुळीने भरली असेल तर ती आधी साफ करावी, नाहीतर मोजमापच फुगलेले येईल. फ्रीज हाताने बंद केला, तर पुन्हा लावण्याआधी पाच मिनिटे थांबावे. लगेच लावला तर कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि फिरत नाही.

मालवणची सरबतवाली: माझ्याकडे आमरस आणि सोलकढी असते, आणि डीप फ्रीझर आहे. तोही रात्री बंद ठेवला तर चालेल का? तौक्तेच्या वेळी मी बर्फाच्या लाद्या आणून माल वाचवला होता.

सोलर वायरमन (सांगली): बंद बाटलीतले पेय ७ अंशांना काही बिघडत नाही. गोठवलेला आमरस एकदा सैल झाला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून फ्रीझरसाठी दादांची युक्ती वापरू नये. त्याची बॅटरी वेगळा हिशेब करूनच घ्यावी.

बर्फ कारखान्यात नोकरी केलेला (रत्नागिरी): मी असतो तर रात्री फ्रीज बंद करण्याआधी एक गोष्ट केली असती. दुपारी पॅनेल भरात असताना थर्मोस्टॅट जास्त थंडावर न्यावा आणि बाटल्या २ अंशांपर्यंत उतरवाव्यात. दीडशे लिटर पेय म्हणजे थंडीचा मोठा साठा आहे, आणि त्याला बॅटरीसारखे पैसे पडत नाहीत.

किनाऱ्यावरचा दुकानदार: गुरुवारी मी तसे करून पाहिले, पण पंख्याजवळच्या वरच्या फळीवरच्या पाण्याच्या बाटल्यांत बर्फाच्या सुया धरू लागल्या, आणि त्याच फ्रीजमध्ये इन्सुलिन होते. ते गोठले की निकामी होते, म्हणून मी थर्मोस्टॅट लगेच पूर्वपदावर आणला. वरची फळी रिकामी ठेवून हे जमेल का?

बर्फ कारखान्यात नोकरी केलेला (रत्नागिरी): फळी रिकामी ठेवली तर हवा खाली अधिक जोरात जाईल. तिथे जाड पुठ्ठा आडवा लावून पाहावा. औषध असताना मात्र हा प्रयोग करू नये.

सोलर वायरमन (सांगली): पुठ्ठ्याने हवेची वाटच अडेल असे मला वाटते. थर्मामीटर वरच्या फळीवर ठेवून ३ अंशांवरच थांबावे.

धागाकर्ती (माणगाव): मामांच्या फ्रीजला युनिट मीटर आजच लावला आहे. परवाचा आकडा इथे लिहीन.