मदत हवी आहे: सोफा सुरुवातीलाच इतका जड का जातो? घर्षणाचा आलेख डोक्यात शिरत नाहीये

हिशोबनीस

मंडळी, मी कॉमर्सवाला. दहावीनंतर भौतिकशास्त्राचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगी अकरावीला आहे. तिच्या वहीत घर्षणाचा एक आलेख आहे. आडव्या अक्षावर आपण लावलेला जोर, उभ्या अक्षावर घर्षण. रेघ शून्यातून निघते, सरळ तिरकी वर चढते, एका टोकाला पोचते, तिथून थोडी खाली पडते आणि मग आडवी चालत राहते. बाजूला त्यांच्या बाईंनी सोफा काढलाय आणि आकडे दिलेत: सोफा ५० किलोचा, टोक २४५ न्यूटनला, आडवी रेघ १९६ न्यूटनला.

योगायोग असा की गेल्याच रविवारी रंगकामासाठी मी आमचा सोफा एकट्याने सरकवत होतो. आधी हलता हलेना, आणि हलला तो असा सुटला की सोफ्याच्या हाताची कड भिंतीवर आपटून पोपडाच निघाला. म्हणजे सुरुवातीला जड जातं हे पटलं. पण आलेखात तर सुरुवातीला, शून्यापाशी, घर्षण शून्य दाखवलंय! उलटंच नाही का हे? शिवाय घर्षण हे फरशी आणि सोफा यांच्यातलं प्रकरण. मी जोर वाढवला म्हणून ते का वाढावं? आणि टोकावर घर्षण सगळ्यात जास्त असेल, तर सोफा नेमका तिथेच कसा काय सुटतो?

मुलगी म्हणते "बाबा, पाठ करून टाकायचं". ते काही मला बरं वाटेना.

माजघर

अहो दादा, एकट्याने कशाला ढकलता! पायांखाली जुनी गोधडी नाहीतर पायपुसणं उलटं करून सरकवा. आमचा सागवानी दिवाण मी आणि सासूबाईंनी असाच या खोलीतून त्या खोलीत नेला, फरशीवर ओरखडा नाही. आणि ढकलताना वरून ढकलू नका, खाली वाका. वरून रेटलं की सोफा फरशीत आणखी दाबला जातो.

हिशोबनीस

माजघरताई, आभार, पण सोफा हलवून झालाय. आता आलेख हलवायचाय.

दोन_गुण

सोपं आहे. हे जडत्व. स्थिर वस्तूला स्थिर राहायचं असतं, म्हणून सुरुवातीला जास्त जोर लागतो. घर्षणाचं सूत्र म्हणजे म्यू, म्हणजे घर्षणाचा गुणांक, गुणिले फरशीचा वर रेटा. सोफ्याचं वजन ४९० न्यूटन, स्थिर असतानाचा म्यू ०.५, म्हणून घर्षण २४५. चालताना म्यू ०.४, म्हणून १९६. आलेखाच्या फंदात न पडता एवढं लिहिलं तरी परीक्षेत दोन गुण मिळतात.

ब्रेकलायनर

दोन_गुण, आकडे बरोबर, पण एक गडबड झाली. स्थिर सोफ्यावरचं घर्षण २४५ *असतं* असं तुम्ही लिहिलंत. समजा, हिशोबनीस फक्त १०० न्यूटनने ढकलताहेत आणि फरशी मात्र २४५ ने उलट रेटतेय. मग उरलेल्या १४५ चं काय करायचं? सोफा उलटा त्यांच्या अंगावर चालून यायला हवा.

तो येत नाही, कारण घर्षण फक्त पुरेल तेवढंच लागतं. तुम्ही १०० लावले तर ते १००, १८० लावले तर १८०. काहीच लावलं नाही तर शून्य. रिकाम्या खोलीत उभ्या असलेल्या सोफ्याला फरशीने आडवं का ढकलावं? म्हणून ती तिरकी रेघ. तिच्यावरचा कुठलाही बिंदू घ्या, आडवा आकडा आणि उभा आकडा सारखेच निघतील. दोन्ही अक्षांचं माप एकच असेल तर रेघ बरोबर ४५ अंशांची येते. त्या रेघेवर आहात तोवर सोफा जागचा हललेला नाही. २४५ ही फरशीची ऐपत झाली, रोजचा खर्च नव्हे. हिशोबनीस, तुमच्या भाषेत सांगायचं तर ती ओव्हरड्राफ्टची मर्यादा.

आता "उलटंच नाही का" याबद्दल. तुम्ही आडवा अक्ष वेळ म्हणून वाचताय. डावीकडे सुरुवात, उजवीकडे नंतर, असं. तिथे वेळ नाहीच, तुमचा जोर आहे. "सुरुवातीला जड" म्हणतो ती सुरुवात सोफा *हलण्याची*, आणि ती आलेखाच्या डाव्या टोकाला नसून त्या शिखरावर आहे. शून्यापासून शिखरापर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे तुम्ही दात ओठ खाऊन रेटताय आणि सोफा ढिम्म.

(मी घर्षणाच्या अस्तरांची चाचणी करणाऱ्या खात्यात काम करतो. हा आलेख आडव्या अक्षावर वेळ घेऊन काढलेला आणि जोर घेऊन काढलेला, दोन्ही रोज बघतो, आणि नवीन पोरं पहिल्या आठवड्यात हीच चूक करतात.)

हिशोबनीस

ओव्हरड्राफ्ट! आता कुठे जरा उजेड पडला. म्हणजे शिखरावर घर्षण सगळ्यात जास्त असतं कारण तिथे मर्यादा संपते, आणि त्याच्या पुढे एक रुपया जरी मागितला तरी चेक परत. बरोबर? पण मग ती रेघ खाली का पडते? आणि पुढे मी जोर वाढवतोय, घर्षण १९६ वरच बसलंय, तर माझा जास्तीचा जोर जातो कुठे?

ब्रेकलायनर

बरोबर. आणि तुमच्या भिंतीचा पोपडा त्या पडलेल्या रेघेतच आहे.

२४५ वर सोफा सुटला त्या क्षणी तुमचे हात अजून २४५ नेच रेटताहेत. हातांना काय माहीत सोफा सुटला म्हणून? पण घर्षण १९६ वर उतरलंय. ४९ न्यूटन शिल्लक. ५० किलोच्या सोफ्याला ४९ न्यूटन म्हणजे दर सेकंदाला वेग जवळजवळ एक मीटर प्रतिसेकंदाने वाढणार. तुम्हाला सावरून जोर कमी करायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात सोफा सुमारे १२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. भिंत त्याहून जवळ असणार.

आडव्या रेघेवर कुठेही उभे राहा आणि तुमच्या जोरातून १९६ वजा करा. उरेल ते सगळं वेग वाढवण्यात जातं. सोफा एका संथ वेगाने न्यायचा असेल तर सुटल्याबरोबर जोर २४५ वरून १९६ वर आणावा लागतो. हमाल लोक हे न शिकता करतात. वस्तू सुटली की हात लगेच ढिले सोडतात.

खाडीकाठ

जडत्वावाल्यांसाठी एक. आमच्याकडे जेटीला होडी लागलेली असते, माणसं, जाळी, बर्फ धरून तुमच्या दहा सोफ्यांएवढी. दोर सोडून एका पायाने दाबली की सरकते. हळूच सरकते, पण सरकते. "अमुक इतका जोर लागल्याशिवाय हलणारच नाही" असा हट्ट पाण्यातली होडी करत नाही. तीच होडी वाळूवर ओढलेली असू दे, मग आठ जण लागतात. वजन तेवढंच आहे की.

दोन_गुण

हे पटलं. म्हणजे जडत्वामुळे वेग हळू वाढतो, पण हलूच न देणारा उंबरठा घर्षणाचा. तरी माझं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं; झटक्यात हलवायचं तर जडत्वालाही जोर द्यावा लागतोच ना?

ब्रेकलायनर

लागतो, पण तो २४५ च्या *वरचा*. शिखराची उंची तो ठरवत नाही.

हिशोबनीस

आज सुट्टी होती, म्हणून मी आणि लेकीने प्रयोग केला. सोफा पुन्हा हलवायला घरून परवानगी मिळाली नाही. पाटावर पिठाचा डबा ठेवला, दोन्ही मिळून १२ किलो. पाटाला सुतळी बांधली आणि रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा लावून आडवा ओढला. डिजिटल काटा आधी वापरून पाहिला, पण तो आकडा धरून बसतो, काही कळत नाही.

काटा सावकाश चढत गेला. १ किलो, २, ३, पाट हलत नाही. ५ च्या जरा अलीकडे सुटला. मग एका चालीने ओढत राहिल्यावर काटा ४ च्या आसपास. लेकीने लगेच म्यूसाठी भागाकार केला: ५ भागिले १२ म्हणजे ०.४२, ४ भागिले १२ म्हणजे ०.३३. डब्यातलं निम्मं पीठ काढल्यावर दोन्ही आकडे उतरले. तिरकी रेघ तिने डोळ्यांनी पाहिली, त्यामुळे पाठांतराचा विषय संपला.

पण एक भानगड. अगदी हळू ओढलं की पाट एका चालीने जातच नाही. काटा ५, पाट टुणकन पुढे, काटा एकदम साडेतीनला, पाट थांबला. पुन्हा काटा चढतो, पुन्हा टुणकन. आणि दुसऱ्या वेळी पाट ५ ला नाही, साडेचारलाच सुटला. तिसऱ्या वेळीही तसंच. वहीतल्या आलेखात शिखर एकच आहे, मग हे दुसरं, बुटकं शिखर कुठून आलं?

माजघर

आमच्या स्वयंपाकघराचं दार असंच कुरकुरत येतं, टुणुक टुणुक. बिजागरीला खोबरेल लावलं की थांबतं.

ब्रेकलायनर

माजघर, तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, पण ते तेच आहे. अडकणं, सुटणं, अडकणं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच होतं. हात आणि पाट यांच्या मध्ये स्प्रिंग आहे, म्हणून पाट सुटला की स्प्रिंग ढिली पडून जोर आपोआप कमी होतो आणि पाट पुन्हा रुततो. घर्षणाच्या दोन आकड्यांत फरक नसता तर हे टुणटुण झालंच नसतं. टेफ्लॉनवर टेफ्लॉन असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, ०.०४. तिथे वहीतल्या आलेखाचं शिखर सपाट होऊन जातं.

बुटक्या शिखराबद्दल: फरशी आणि पाट खरे टेकतात ते अगदी थोड्या बारीक टोकांवर, आणि वस्तू जितका वेळ पडून राहील तितकी ती टोकं एकमेकांत जास्त दबून बसतात. कूलॉम्बने अठराव्या शतकातच हे टिपलं होतं. पहिल्यांदा तुमचा पाट पाच-दहा मिनिटं बसून होता, नंतर क्षणभरच थांबत होता.

खाडीकाठ

किंवा पहिल्या जागी फरशीवर काहीतरी चिकट सांडलेलं होतं.

ब्रेकलायनर

तेही असू शकतं. हिशोबनीस, फरशी पुसून घ्या आणि पाट *त्याच* जागी दोनदा ठेवून बघा. एकदा ठेवल्या ठेवल्या ओढा, एकदा रात्रभर ठेवून सकाळी.

हिशोबनीस

ठेवलाय. डब्यावर चिठ्ठी लावली आहे, "हलवू नये". सकाळच्या पोळ्यांना पीठ कुठून काढायचं, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.