मदत हवी आहे: आलेखातल्या एरर बार आणि ताऱ्यांबद्दल सरांना हे असं विचारू का?

मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतोय. सरांना आज रात्री मेल पाठवायची आहे, त्याआधी कुणीतरी मजकूर तपासून द्या.

"सर, उसाच्या रोपांच्या पेपरमधल्या आलेखात अडकलोय. साध्या रोपांची सरासरी उंची ४२ सेमी, खत दिलेल्यांची ५४. दोन्हींचा बार ±८. म्हणजे एक ५० पर्यंत जातो, दुसरा ४६ पासून सुरू होतो. बार एकमेकांवर चढलेत, तरी वर दोन तारे, p < 0.01. आधी मला ही चूकच वाटली. मग n = 10 धरून वहीवर आकडेमोड केली. ८ हे प्रमाण विचलन असेल तर सरासरीची प्रमाण त्रुटी 8/√10, म्हणजे साधारण २.५ येते. फरक १२ चा, टी जवळपास ३.४, आणि तारे बरोबर ठरतात. पण ८ हीच प्रमाण त्रुटी असेल तर टी १.१ च्या आसपास येतो, मग एकही तारा बसत नाही. आकृतीखाली बार कशाचा ते लिहिलेलंच नाही. शिवाय ही दहा वेगळी रोपं, की एकाच कुंडीतली?"

शेवटचा प्रश्न ठेवू ना? मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच कुंडीतली रोपं स्वतंत्र धरली तर तारे उगाच वाढतात, असं मला वाटतं. माझं समजणं चुकत असेल तर कृपया सांगा.