दोन पर्याय उरले की माझा गोल नेहमी चुकीचाच का भरला जातो?

रिपीटर_लातूर: चारातले दोन पटकन उडतात पण उरलेले दोन्ही बरोबर वाटतात आणि मी हमखास चुकीचा लावते. कालच्या मॉकमध्ये २०२४ च्या नीटचा तो अणूवाला प्रश्न होता, मी "दोन्ही विधानं बरोबर" लावलं, गेलं. पहिलं मनात आलेलं ठेवायचं की विचार करून बदलायचं?

जुना_मास्तर: त्या प्रश्नात पहिलं विधान असं की अणूत धन आणि ऋण प्रभार सारखे असतात म्हणून तो उदासीन असतो, दुसरं असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. तुझ्याकडे उरलेले दोन पर्याय म्हणजे "दोन्ही बरोबर" आणि "पहिलं बरोबर, दुसरं चूक". मग पहिल्या विधानावर डोकं कशाला खपवायचं, ते दोन्हीकडे बरोबरच धरलंय! भांडण फक्त दुसऱ्यावर आहे, आणि त्यातही एका शब्दावर, "प्रत्येक". आता तो शब्द पाडायला एक उदाहरण शोध. रेडियम, युरेनियम, आपोआप विघटन होतं, स्थिर कुठले? एक सापडलं की विधान पडलं. तुला ते बरोबर वाटलं कारण वर्णपटाचं वाक्य पाठ आहे, ओळखीचं दिसलं की आपण हो म्हणून मोकळे होतो.

पुस्तक_हाच_देव: मास्तर हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे. जुन्या एनसीईआरटीत "प्रत्येक" असंच छापलेलं होतं, नव्यात "बहुतेक" केलं. ज्या पोरांनी ताईदादांची जुनी पुस्तकं वापरली त्यांनी पाठ केलेलं लिहिलं यात त्यांची काय चूक? एनटीएने स्वतः आधी दोन्ही उत्तरांना मार्क दिले होते ना.

जुना_मास्तर: दिले होते, पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी "पहिलं बरोबर, दुसरं चूक" हाच पर्याय बरोबर सांगितला आणि जुलैमध्ये "दोन्ही बरोबर" लावणाऱ्या ४ लाखांहून जास्त पोरांचे ५-५ मार्क गेले, ४ मिळालेले आणि १ निगेटिव्हचा. नवीन पुस्तक वापरा अशी सूचना आधीच होती. पोरांबद्दल मलाही वाईट वाटतं, पण रेडियम जुन्या पुस्तकाच्या काळातही स्थिर नव्हताच की.

शॉर्टकट_भाऊ: एवढं कशाला, सोपी ट्रिक आहे, "प्रत्येक", "सर्व", "कधीच नाही" दिसलं की डोळे झाकून चूक. माझी निम्मी पॉलिटी यावर निघाली.

जुना_मास्तर: भाऊ, "एका मूलद्रव्याच्या सर्व समस्थानिकांत प्रोटॉनची संख्या सारखी असते" हे चूक लावशील का? असा शब्द दिसला की थांबायचं आणि अपवाद शोधायचा एवढंच. सापडला नाही तर विधान उभं.

मराठी_मीडियम: मी तर "स्थिर" म्हणजे न हलणारा असं वाचलं 😅 म्हटलं अणू हलतात की, म्हणून चूक लावलं आणि मार्क मिळाले.

जुना_मास्तर: नशीब तुझं. मराठी घेतलं तरी पेपरात शेजारी इंग्रजी असतं, शब्द अडला की ते बघत जा, कारण घोळ झाला तर इंग्रजीच धरतात.

सिस्टर_नाईट_ड्युटी: आमच्या भरतीच्या परीक्षेत पण हेच झालं. दम्याचा पेशंट आडवा पडलाय, धाप लागलीय, सर्वात आधी काय कराल? मी "डॉक्टरांना कळवणे" लावलं, उत्तर होतं "उठून बसवणे". वॉर्डात मी दोन्ही करतेच ना!

जुना_मास्तर: सिस्टर, तुमचा प्रकार वेगळा. तिथे दोन्ही खरेच आहेत, विचारलंय कुठलं आधी. तिथे अपवाद शोधून काही मिळणार नाही, हे न करता ते केलं तर त्या दोन मिनिटांत पेशंटचं काय होईल एवढं बघायचं.

सिस्टर_नाईट_ड्युटी: पण फोन करायला शेजारी दुसरी सिस्टर असेल तर? पेपरात ते कुठे लिहितात.

हिशोबी: मुद्द्याचं कुणी बोलतच नाही. नीटला बरोबरचे ४, चुकीचा वजा १. दोन उरलेत आणि अगदी नाणं उडवलं तरी सरासरी दीड मार्क हातात येतो, म्हणून सोडायचा नाहीच. आणि रिपीटर, खरंच हमखास चुकत असशील तर मनात येईल त्याच्या उलटं लाव, टॉपर होशील.

पुस्तक_हाच_देव: पण उडवलेल्या दोनातच बरोबर उत्तर असलं तर कसला दीड?

हिशोबी: हो, तेवढं गृहीत धरलंय.

रिपीटर_लातूर: आत्ता मागचे तीन मॉक काढून बसले. दोनात अडकून चुकलेले १४ निघाले, त्यातल्या ९ मध्ये दोन पर्यायांत एकाच शब्दाचा फरक होता आणि तो मी वाचलाच नव्हता, "फक्त" आणि "किमान" तर दोनदा. पण उरलेल्या ५ मध्ये आधी बरोबर लावून मग बदललेलं होतं, त्याचं काय करू?

शॉर्टकट_भाऊ: बदलायचं नाही, पहिलं तेच खरं.

जुना_मास्तर: बदलताना कारण काय होतं ते आठवतंय का? त्या ५ चं कारण इथे टाक, मग बोलू.