शब्दचर्चा : नावे, जमा आणि न जुळणारी तेरीज

अकरावी_कॉमर्स : 'तेरीज' म्हणजे ताळेबंदच ना? आमच्या उदाहरणात नावे बाजू 2,84,370 येते आणि जमा बाजू 2,85,630. सर म्हणतात, 'तेरीज बसत नाही'. आता शोधायचं कुठे?

जुना_मुनीम : नाही. ताळेबंद नंतर येतो. तेरजेत खतावणीतल्या प्रत्येक खात्याची बाकी नावे किंवा जमा रकान्यात उतरवतात, नफातोट्याची खातीसुद्धा. तुमचा फरक 1,260 आहे. आधी बेरजा खालून वर पुन्हा करा, मग सगळ्या बाक्या उतरल्यात का ते बघा. तरीही फरक राहिला तर त्याचा निम्मा, 630, शोधा. नावेची रक्कम जमेला गेली की फरक दुप्पट पडतो.

हिशेबी : निम्मं कशाला? 1,260 ला 9 ने भाग जातो. म्हणजे आकडे उलटसुलट झालेत, 54 चे 45 वगैरे.

जुना_मुनीम : भाग जातो हे खरं, पण भागाकार बघा, 140. शेजारचे दोन आकडे उलटले तर भागाकार एकच आकडा आणि पुढे शून्यं असा येतो. 540 चे 450 झाले तर फरक 90, भागाकार 10. 140 तसा नाही. मात्र 1,400 च्या जागी 140 लिहिले असतील तर फरक बरोबर 1,260 पडतो. म्हणून 630 आणि 140, दोन्ही रकमा शोधा. नावे बाजू कमी आहे, तेव्हा 140 नावेकडेच बघा.

नाशिककर : माझं वेगळंच आहे. पगार आला की बँक 'जमा' म्हणते, आणि माझा सीए तोच पैसा बँक खात्याला नावे टाकतो. कोण चुकतंय?

जुना_मुनीम : कुणीच नाही. बँकेची वही बँकेच्या बाजूने लिहिलेली असते, तिथे तुम्ही धनको. तुमच्या वहीत बँक तुमची ऋणको, म्हणून रक्कम तिच्या नावावर. 'नावे' शब्दात हेच आहे, कुणाच्या तरी नावावर मांडलेलं येणं.

अकरावी_कॉमर्स : सापडलं! ग्राहकाला दिलेली सूट 630 जमेला धरली होती. आता दोन्हीकडे 2,85,000.

हिशेबी : म्हणजे उदाहरण बरोबर सुटलं.

जुना_मुनीम : तसं म्हणता येत नाही. एका ग्राहकाचे पैसे चुकून दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यात जमा केले असतील, किंवा एखादं बिल कीर्दीतच आलं नसेल, तरी तेरीज मुकाट बसते. त्यासाठी बिलं आणि ग्राहकांचे उतारे ताडून बघावे लागतात.

लेखापाल_सांगली : आणि फरक सापडलाच नाही, तर तात्पुरता ज्या खात्यात टाकतात त्याला आमच्याकडे 'उचंत' म्हणतात. 'अनामत' मला पटत नाही, अनामत म्हणजे ठेव.

नाशिककर : आमच्या सोसायटीच्या वहीत उचंत म्हणजे सेक्रेटरीने खर्चासाठी घेतलेली उचल!