अनुभव धागा: सूज मेंदूच्या आवरणाला की खुद्द मेंदूला?

सायली_वाई
आमच्या नात्यात लागोपाठ दोन आजारपणं झाली. घरात दोन्हींना ‘मेंदूज्वर’च म्हणत होते. पण एकाला मेनिन्जायटिस होता, मेंदूवरच्या पातळ आवरणांना सूज. दुसऱ्याला एन्सेफलायटिस, सूज थेट मेंदूतच. दोघांची सुरुवात अगदी वेगळी होती. तुम्ही जवळून पाहिलं असेल तर सगळ्यात आधी काय दिसलं आणि दवाखान्यात काय केलं, ते सविस्तर लिहा.

कोयनाकाठ
माझ्या वडिलांना एन्सेफलायटिस झाला होता. दोन दिवस ताप, डोकं थोडं जड, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाला ते ‘किल्ली’ म्हणाले. संध्याकाळी वारलेल्या आत्याला हाका मारायला लागले. कुणी म्हणालं ताप डोक्यात गेला, कुणी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवलं. मान मात्र व्यवस्थित हलत होती. रात्री फिट आली, तेव्हा दाखल केलं.

एमआरआयमध्ये डाव्या कानशिलामागच्या भागात सूज दिसली. बोलणं आणि आठवण यांचं काम तिथलंच. ओठांवर तापाचे फोड उठवणाऱ्या हर्पिस विषाणूचा संशय होता. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची पहिली पीसीआर तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध थांबवलं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तपासणी चुकू शकते, असं त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. काही दिवसांनी पुन्हा पाणी काढलं, ती पॉझिटिव्ह आली. एकूण २१ दिवस शिरेतून औषध, मूत्रपिंडांना त्रास होऊ नये म्हणून सोबत भरपूर सलाईन. बाबा आज चालतात, हिशेब करतात. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही.

रानजाई
वहिनीचं सगळं संथ होतं. तीन आठवडे डोकेदुखी, संध्याकाळी बारीक ताप, भूक गेलेली. पित्त समजून गोळ्या चालल्या होत्या. मग एकाचे दोन दिसायला लागले. पाठीतल्या पाण्यात साखर कमी आणि प्रथिनं खूप वाढलेली निघाली. टीबीचा मेनिन्जायटिस. औषधं वर्षभर चालली, सुरुवातीला स्टिरॉइडही. त्यामुळे हा आजार तासाभरात उग्र होतो असं कुणी म्हटलं की मला वहिनीचे ते तीन आठवडे आठवतात.

विनायक_डों
सोपी खूण सांगतो. हनुवटी छातीला लागत नसेल तर मेनिन्जायटिस, लागत असेल तर नाही. आमच्या मुलाच्या वेळी असंच ओळखलं.

वॉर्ड_नंबर_सात
मी मेडिसिनची डॉक्टर आहे. विनायकजी, मान आखडली तर संशय बळावतो हे बरोबर, पण उलट धरू नका. तान्ह्या बाळात आणि वृद्धांमध्ये मान मऊच राहू शकते. बाळ नुसतं दूध पीत नाही, किरकिरतं, टाळू फुगते.

मी नातेवाइकांना विचारते, ‘माणूस त्रासलाय की बदललाय?’ आवरणांना सूज असली की पेशंट डोकं धरून बसतो, उजेड नको म्हणतो, उलट्या करतो. पण सुरुवातीला तुम्हाला ओळखतो, नीट उत्तर देतो. मेंदूलाच सूज असली की वागणं, बोलणं, जागेचं भान बिघडतं, फिट येते. मात्र जिवाणूंचा मेनिन्जायटिस वाढला की तोही गुंगी आणतो, आणि कित्येकदा दोन्ही एकत्र असतात. म्हणून संशय आला की आम्ही रिपोर्टची वाट पाहत नाही. रक्त कल्चरला घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू, आणि वागण्यात फरक असेल तर सोबत असायक्लोव्हिरही. उपचाराविना हर्पिसच्या एन्सेफलायटिसमध्ये दहातले सातजण दगावतात. विषाणूंचा साधा मेनिन्जायटिस बहुतेकदा आपोआप बरा होतो, पण तो साधा होता हे पाणी तपासल्यावरच कळतं. तापात अंगावर जांभळे डाग उठले आणि दाबूनही फिकट झाले नाहीत, तर घरी एक मिनिटही घालवू नका.

चाफा_हिरवा
माझी मान दोन महिन्यांपासून दुखते, कॉम्प्युटरवर काम असतं. ताप नाही. एमआरआय करू का?

वॉर्ड_नंबर_सात
ताप नाही, इतके दिवस तसंच आहे, म्हणजे हे दुखणं या धाग्यातलं वाटत नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एमआरआय लागेल का ते तेच ठरवतील.

उमरेड_रोड
आमच्याकडे पावसाळ्यात चांदिपुराची धास्ती असते. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात सापडला, म्हणून ते नाव. वाळूमाशीतून पसरतो, झळ लहान मुलांना. मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. एक पोर संध्याकाळी अंगणात खेळत होतं. रात्री ताप आणि उलटी, पहाटे आणलं तेव्हा फिट थांबत नव्हती. त्यावर खास औषध नाही. फिट थांबवायची, श्वास सांभाळायचा, मेंदूचा दाब उतरवायचा आणि गाडी मेडिकल कॉलेजकडे पळवायची. मान तपासत बसण्याइतका वेळ तिथे नसतोच.

कोयनाकाठ
डॉक्टर, दीड वर्ष झालं. बाबांची ताजी आठवण आता परतेल का? एक न्यूरोलॉजिस्ट म्हणतात सराव चालू ठेवा, दुसरे म्हणतात आहे तेवढंच राहील.

वॉर्ड_नंबर_सात
पहिल्या वर्षात सुधारणा जास्त होते, नंतर मंदावते. बाबांचं मी न पाहता सांगू शकणार नाही. वही, गजर, ठरलेली जागा यांचा सराव मात्र सोडू नका. आणि मधे पुन्हा फिट आली होती का, ते लिहा.